२०,००० च्या खाली काय आहे? ऑप्शनच्या भावांतून वितरण काढून घेतलेला एक निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून रकमा गोल केल्या आहेत. ऑप्शनचे प्रीमियम, म्हणजे त्यांचे भावही पद्धत दिसावी इतपत हलवून मांडले आहेत, त्यामुळे ते त्या दिवसाची बाजारनोंद म्हणून वाचू नयेत. निफ्टीच्या पातळ्या आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

मे २०२४ अखेर कुटुंबाकडे सुमारे ६ कोटींचे शेअर होते. बहुतेक मोठ्या कंपन्यांचे, पैकी चौथा हिस्सा सरकारी बँका आणि सरकारी कंपन्यांचा. त्या शेअरवर एका बिगरबँक वित्तसंस्थेकडून २ कोटी ६५ लाखांचं कर्ज घेतलेलं होतं. अशा कर्जाला नियम असा की कर्जाची रक्कम तारण शेअरच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. झाली, तर सात कामाच्या दिवसांत तूट भरून द्यावी लागते. नाहीतर वित्तसंस्था शेअर विकू शकते.

हिशोब सोपा होता. शेअरची किंमत ५ कोटी ३० लाखांवर आली की कर्ज बरोबर निम्मं होतं. म्हणजे पावणेबारा टक्क्यांची घसरण. शेअर निफ्टीच्या बरोबरीने हलतात असं धरलं, तर ३१ मेच्या २२,५३० या बंद पातळीवरून ती रेषा २०,००० च्या जरा खाली येत होती. आम्ही २०,००० धरली.

४ जूनला लोकसभेचा निकाल होता. घरातला व्यवहार काकू बघतात, त्यांचा पुतण्या शेअर बाजारात रोज व्यवहार करतो. मी पूर्वी डेरिव्हेटिव्हच्या कामात होतो म्हणून त्यांनी मला बोलावलं. काकूंच्या मनात १७ मे २००४ होता. त्या दिवशी निवडणूक निकालानंतर व्यवहार दोनदा थांबवावे लागले होते आणि निफ्टी दिवसअखेर १२ टक्क्यांच्या आसपास खाली बंद झाला होता. "तसंच पुन्हा झालं तर?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न नेमका काय होता

पुतण्याने इंडिया व्हीआयएक्स काढून दाखवला. तो २४-२५ च्या घरात होता, म्हणजे नेहमीपेक्षा बराच वर. पण व्हीआयएक्स हा एकच आकडा. बाजाराला किती हालचाल अपेक्षित आहे हे तो सांगतो. ती हालचाल कुठल्या बाजूला, आणि टोकाला किती, हे त्यातून कळत नाही. आम्हाला हवं होतं ते वेगळंच: निफ्टी २०,००० च्या खाली जाण्याला बाजार किती वजन देतोय, आणि खाली गेलाच तर किती खोल.

याचं उत्तर वेगवेगळ्या स्ट्राइकच्या, म्हणजे ज्या ठरलेल्या पातळीवर ऑप्शन लागू होतो तिच्या, भावांत असतं. डग्लस ब्रीडन आणि रॉबर्ट लिट्झेनबर्गर यांनी १९७८ साली ते सूत्रात मांडलं: एकाच एक्सपायरीचे, म्हणजे एकाच दिवशी मुदत संपणारे, सगळ्या स्ट्राइकचे ऑप्शन भाव माहीत असतील, तर त्या दिवशी किंमत कुठे असेल याचं बाजारात दडलेलं वितरण, म्हणजे कुठल्या पातळीला किती शक्यता, त्या भावांच्या वक्रतेतून मिळतं.

काकूंना मी ते सूत्राशिवाय सांगितलं. पुट म्हणजे निफ्टी स्ट्राइकच्या खाली गेला तर तेवढा फरक देणारा ऑप्शन, कॉल म्हणजे वर गेला तर देणारा. समजा २०,५०० चा पुट घेतला आणि १९,५०० चा विकला. एक्सपायरीला निफ्टी १९,५०० च्या खाली असेल तर हातात १,००० रुपये येतात, २०,५०० च्या वर असेल तर काहीच नाही, मधे असेल तर प्रमाणात. आज हा जोड ४२ रुपयांना मिळत असेल, तर १,००० रुपयांच्या बक्षिसाला बाजार ४२ रुपये मोजतोय. म्हणजे २०,००० च्या खाली जाण्याची बाजारभावाने शक्यता सुमारे ४.२ टक्के. व्याजामुळे पडणारा फरक महिनाभरासाठी अर्ध्या टक्क्याचा, तो इथे सोडून दिला तरी चालतो.

याच्या पुढची पायरी बटरफ्लाय. शेजारचे दोन स्ट्राइक एकेक घ्यायचे आणि मधला दोनदा विकायचा. त्याला पैसे मिळतात ते फक्त निफ्टी मधल्या स्ट्राइकच्या आसपास थांबला तर. म्हणून त्याची किंमत म्हणजे त्या कप्प्याचं वजन. हे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, म्हणजे एक्सपायरीलाच निकाली निघणारे आहेत, म्हणून हा हिशोब थेट लागू पडतो.

पहिला प्रयत्न आणि त्यातली चूक

पुतण्याने शुक्रवारी संध्याकाळी एनएसईची भावकॉपी, म्हणजे दिवसअखेरच्या भावांची यादी, उतरवली आणि २७ जूनच्या एक्सपायरीचे, ५० अंकांच्या अंतरावरचे सगळे पुट घेऊन स्प्रेडशीटमध्ये बटरफ्लाय काढले. आलेख करवतीसारखा आला. काही कप्प्यांत शक्यता उणे होती.

उणे शक्यता दिसली की बाजार चुकलाय असं समजायचं नसतं. आपल्या आकड्यांत काहीतरी शिळं आहे असं समजायचं. त्यातलाच एक कप्पा उलगडून बघितला. २०,४५० चा पुट ६५.८०, २०,५५० चा ७२.७५, आणि मधल्या २०,५०० चा ७१.२०. टोकांची बेरीज १३८.५५ आणि मधल्याची दुप्पट १४२.४०. फरक उणे ३.८५. पन्नासने भागलं की उणे ७.७ टक्के! मधल्या स्ट्राइकचा शेवटचा सौदा दुपारी कधीतरी, बाजार खाली असताना झालेला होता. बंद होतानाच्या खरेदी-विक्री भावांचा मध्य घेतला तर तो ६९.२० होता. तो घातला की फरक ०.१५ आणि शक्यता ०.३ टक्के.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते प्रमाण. त्या कप्प्याचा खरा बटरफ्लाय १५ पैशांचा होता आणि भावातली चूक दोन रुपयांची. दुसरा फरक काढताना चूक दुप्पट होते, शिवाय ५० सारख्या छोट्या आकड्याने भागली जाते. म्हणून जवळजवळच्या स्ट्राइकवर कच्च्या भावांनी हे काम करू नये. आम्ही तीन गोष्टी बदलल्या. शेवटच्या सौद्याऐवजी खरेदी-विक्रीचा मध्य घेतला. बाजारपातळीच्या खाली फक्त पुट आणि वर फक्त कॉल वापरले, कारण त्या बाजूंना खरी उलाढाल असते. आणि भाव थेट गुळगुळीत करण्याऐवजी प्रत्येक प्रीमियममधून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे त्या भावात धरलेली चढउतार, काढली, तिच्यातून एक साधी वक्ररेषा नेली आणि त्या रेषेवरून प्रीमियम पुन्हा मोजले. व्होलॅटिलिटीची रेषा सावकाश वळते, त्यामुळे तिच्यावर हात फिरवणं सुरक्षित असतं.

डावं शेपूट वाचताना

साफ केलेले प्रीमियम रुपयांत गोल करून ५०० च्या अंतरावर घेतले. एवढ्यावर हिशोब कुणालाही करून बघता येईल:

```python
prem = {19000:17, 19500:27, 20000:43, 20500:69,
        21000:112, 21500:182, 22000:293}
h = 500
for K in list(prem)[1:-1]:
    below = (prem[K+h] - prem[K-h]) / (2*h)
    near = (prem[K-h] - 2*prem[K] + prem[K+h]) / h
    print(K, round(100*below, 1), round(100*near, 1))
```

`below` म्हणजे त्या स्ट्राइकच्या खाली असण्याची शक्यता, `near` म्हणजे त्याच्या आसपासच्या कप्प्याचं वजन. तुलनेला मी दुसरा स्तंभ ठेवला: बाजारपातळीजवळची व्होलॅटिलिटी, सुमारे २१.६ टक्के, सगळ्या स्ट्राइकना सारखीच लावली तर काय येतं. म्हणजे शेपूट, वितरणाचं हे घसरणीकडचं टोक, जाड नसतं तर बाजार कसा दिसला असता.

| स्ट्राइक | भावांतून आलेली शक्यता, याच्या खाली | सपाट व्होलॅटिलिटीने |
|---|---|---|
| २१,५०० | १८.१% | १९.६% |
| २१,००० | ११.३% | १०.४% |
| २०,५०० | ६.९% | ४.८% |
| २०,००० | ४.२% | १.८% |
| १९,५०० | २.६% | ०.६% |

हा तक्ता आम्ही बराच वेळ बघत बसलो. २१,००० पर्यंत दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे आहेत, २१,५०० ला तर भावांतून आलेली शक्यता उलट थोडी कमीच आहे. पुतण्या म्हणत होता की "बाजार घाबरलाय". पण साध्या, पाच-सात टक्क्यांच्या घसरणीबद्दल बाजार फारसं वेगळं काही म्हणतच नव्हता. फरक सुरू होतो २०,५०० पासून आणि खाली जाऊ तसा वाढत जातो: २०,००० ला दुपटीहून जास्त, १९,५०० ला चौपट. जाड शेपूट म्हणजे हेच. मधल्या घसरणींचं वजन थोडं कमी होतं आणि टोकाच्या घसरणींना मिळतं.

दुसरी गोष्ट खोलीची. २०,००० च्या पुटचा भाव ४३. त्याला ४.२ टक्क्यांनी भागलं की सुमारे १,०२५ येतात. अर्थ असा: निफ्टी २०,००० च्या खाली गेलाच, तर बाजारभावाने तो सरासरी हजारभर अंक खाली जाईल. सपाट गृहितकाने हाच आकडा सुमारे चारशे येतो. कर्जदारासाठी हा फरक फार मोठा आहे. चारशे अंकांची तूट काही लाखांत भरता येते, हजारची भरायला त्याच पडलेल्या बाजारात शेअर विकावे लागतात.

मग काकूंनी विचारलं, "म्हणजे शंभरात चार वेळा असं होतं?" इथे मी थांबवलं. ४.२ टक्के हा भाकिताचा आकडा नाही, तो भाव आहे. अपघात विम्याचा हप्ता अपघाताच्या शक्यतेपेक्षा जास्त असतो, तसंच इथे आहे. बाजार कोसळतो तेव्हा सगळ्यांचेच पैसे एकदम जातात, म्हणून त्या दिवशी मिळणाऱ्या रुपयाला लोक आज जास्त मोजतात. भावात शक्यता आणि भीती एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि एका दिवसाच्या ऑप्शन भावांतून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. अमेरिकेत ऑक्टोबर १९८७ च्या आधी निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये टोकाच्या घसरणीला जास्त भाव देण्याचा हा कल जवळपास नव्हता; त्या कोसळण्यानंतर आला आणि कायमचा राहिला. खरी शक्यता ४.२ पेक्षा कमी असणार, एवढं म्हणायला आधार आहे. किती कमी, याला नाही.

आणखी एक मर्यादा मी त्यांना दाखवली. १८,५०० च्या खाली सौदे विरळ होते. त्याच्या पुढचं शेपूट आपण ज्या पद्धतीने रेषा वाढवू तसं येतं. ते बाजाराचं मत नसून आपलं गृहीतक असतं. म्हणून "बाजार वीस टक्के कोसळण्याची शक्यता" असला आकडा आम्ही काढलाच नाही.

पर्याय

चार गोष्टी टेबलावर होत्या.

काहीच न करणं हा पहिला. ४.२ टक्के हा फुगवलेला भाव असेल तर खरी जोखीम लहान आहे, हा त्यामागचा तर्क. त्याला काकूंचं उत्तर होतं की जोखीम लहान असली तरी घरावर ओढवणारं संकट लहान नाही.

दुसरा, २०,००० चे पुट घेणं. ६ कोटींना निफ्टीच्या सुमारे २,६६० युनिटची, म्हणजे तेव्हाच्या २५ च्या लॉटने शंभरावर लॉटची गरज होती. खर्च साधारण १ लाख १५ हजार. सपाट गृहितकाने हाच पुट ७-८ रुपयांचा ठरला असता. म्हणजे महाग विमा, हे उघड होतं.

तिसरा पर्याय पुतण्याचा, आणि त्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. २१,००० चा पुट घ्यायचा आणि २०,००० चा विकायचा. त्याचा युक्तिवाद कागदावर चोख होता: शेपूट महाग आहे हे आपणच काढलं, मग महाग वस्तू विकावी. ११२ चा पुट ६९ ला पडतो. काकूंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "आपल्याला भीती २०,००० च्या खाली जायची आहे. तिथलीच छत्री आपण विकायची?" त्यांचं बरोबर होतं. हा जोड २१,००० ते २०,००० या पट्ट्यात पैसे देतो. त्या पट्ट्यात वित्तसंस्था काही मागत नव्हती. ती मागायला लागते तिथूनच या जोडाची मदत वाढायची थांबते. शेपूट महाग आहे की स्वस्त हा व्यापाऱ्याचा प्रश्न आहे. आपली तूट कुठे सुरू होते हा कर्जदाराचा.

चौथा, कर्जच कमी करणं. मुलीच्या सप्टेंबरमधल्या फीसाठी ठेवलेली मुदतठेव होती. त्यातले २० लाख कर्जात भरले तर कर्ज २ कोटी ४५ लाख राहतं आणि निम्म्याची रेषा ४ कोटी ९० लाखांवर, म्हणजे निफ्टीच्या १८,४०० वर जाते. ठेव मोडल्याचा दंड पडतो, पण कर्जाचं व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा जास्त असल्याने तो काही महिन्यांत भरून निघतो.

निर्णय

वितरण काढल्याचा खरा उपयोग इथे झाला. २०,००० च्या खालचं शेपूट खोल आहे हे कळल्यावर रेषा दोन-चारशे अंक सरकवून भागणार नव्हतं, ती दूर न्यायला हवी होती. ते काम कर्ज कमी करून होत होतं आणि त्यासाठी भीतीचा भाव मोजावा लागत नव्हता. सोमवारी सकाळी २० लाख भरले. उरलेल्या टोकासाठी निम्म्या जोखमीचे, म्हणजे ५० लॉट, २०,००० चे पुट शुक्रवारीच बाजार बंद होण्याआधी घेऊन ठेवले होते. पहिल्या ढोबळ हिशोबावर घेतलेला तो सौदा होता: १,२५० युनिट, ५३,७५० रुपये. शनिवार-रविवारच्या साफ हिशोबाने तो मागे घ्यावा असं काही दाखवलं नाही. क्रम मात्र उलटा झाला, आणि तो मला आजही खटकतो.

काय घडलं

शनिवारी, १ जूनला संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी निफ्टी सव्वातीन टक्के वर, २३,२६३.९० वर बंद झाला. व्हीआयएक्स २१ च्या जवळ आला. पुतण्याचा फोन आला की पुट विकून टाकू, निकाल तर कळलाच. काकूंनी नकार दिला: अजून मोजणी व्हायची आहे.

मंगळवारी, ४ जूनला निफ्टी दिवसभरात २१,२८१.४५ पर्यंत गेला आणि ५.९३ टक्के खाली, २१,८८४.५० वर बंद झाला. सरकारी बँका आणि सरकारी कंपन्या निफ्टीच्या दुपटीहून जास्त पडल्या. कुटुंबाच्या शेअरची किंमत दिवसअखेर सुमारे ५ कोटी ७० लाख होती, कर्ज तिच्या ४३ टक्के. २० लाख भरले नसते तर साडेसेहेचाळीस टक्के झालं असतं. वित्तसंस्थेकडून काही आलं नाही. भरले नसते तरी आलं नसतं.

त्या दिवशी पुटचे भाव काही पटींनी वर गेले. विकायचे का, हे ठरवताच दुपार गेली. बुधवारी निफ्टी २२,६२० वर परतला आणि संधी संपली. २७ जूनला, एक्सपायरीच्या दिवशी, निफ्टी पहिल्यांदाच २४,००० च्या वर, २४,०४४.५० वर बंद झाला. पुट शून्यावर गेले आणि ५३,७५० रुपये खर्ची पडले.

पुतण्या म्हणाला, बघा, ४.२ टक्के चूक होतं. तसं नाही. ४.२ टक्क्यांची गोष्ट एकदा घडली नाही म्हणून आकडा चूक ठरत नाही, आणि घडली असती तरी बरोबर ठरला नसता. एका निकालावरून वितरण तपासता येत नाही.

आज पुन्हा करायचं तर

सगळ्यात मोठी चूक माझी होती. मी २७ जूनच्या दिवसाचं वितरण काढलं, पण वित्तसंस्था २७ जूनची वाट बघणार नव्हती. तिचा हिशोब रोजचा होता. शेवटच्या दिवशी २०,००० च्या खाली असणं आणि मधे कधीतरी २०,००० ला स्पर्श होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ढोबळ नियमाने स्पर्शाची शक्यता शेवटच्या दिवसाच्या शक्यतेच्या दुपटीजवळ असते. एका झटक्यात पडणाऱ्या बाजारात थोडी कमी. म्हणजे काकूंच्या प्रश्नाला बाजारभावाने योग्य आकडा ४ नसून ७-८ टक्क्यांच्या आसपास होता. ४ जूनने हे चांगलंच दाखवलं: महिनाअखेरचं वितरण त्या दिवशीच्या २१,२८१ बद्दल काहीच सांगत नाही.

दुसरं, ६ जूनच्या साप्ताहिक एक्सपायरीचं वितरणही शेजारी मांडायला हवं होतं. त्या आठवड्याच्या भावांत निकालाशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं. त्यातलं शेपूट २७ जूनच्या शेपटाइतकंच जाड निघालं असतं, तर जोखीम जवळजवळ सगळी एकाच दिवसाची आहे हे कळलं असतं, आणि ४ जूनला पुटचं काय करायचं हे आधीच लिहून ठेवता आलं असतं. विकायचा नियम नसल्यामुळे त्या दुपारी आम्ही तिघं फोनवर एकमेकांना समजावत राहिलो.

तिसरं, हे वितरण निफ्टीचं होतं, कुटुंबाच्या शेअरचं नव्हतं. चौथा हिस्सा सरकारी शेअरचा असताना निकालाच्या दिवशी त्यांची घसरण निफ्टीएवढीच होईल असं धरणं चूक होतं. तो हिस्सा निम्मा असता तर निफ्टी २१,२८१ ला असतानाच कर्जाची रेषा बरीच जवळ आली असती, आणि २०,००० च्या पुटने त्या दिवशी पुरेसं काही दिलं नसतं. काकूंनी जुलैमध्ये त्यातले निम्मे सरकारी शेअर विकले आणि कर्ज २ कोटींवर आणलं.

पुतण्या आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हाच तक्ता काढतो. दोन स्तंभ, पाच स्ट्राइक. तिसरा स्तंभ त्याने स्वतः वाढवला आहे: स्पर्शाची शक्यता.